अळणावरचं अर्धं कार्ड

बाळकृष्णअण्णांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं जुनं पोस्टकार्ड बघून मला दारातच विचारलं, "कार्ड पुसलंस का?" मी म्हटलं, हो, ओल्या फडक्याने जरासं, धूळ होती म्हणून. त्यावर त्यांनी दार निम्मं लोटून घेतलं आणि आतून म्हणाले, "मग आता कशाला आलीस?" हा माणूस हुबळी स्टेशनच्या मागच्या गल्लीत एकटा राहतो, वय चौऱ्याहत्तर, आणि शेजारीपाजारी त्याच्याकडे कामाशिवाय जात नाहीत. मला काम होतं, म्हणून मी दार ढकलून आत गेले.

अण्णा रेल्वेच्या डाकेत सॉर्टर होते. चौतीस वर्षं. पूर्वी पॅसेंजर गाड्यांना डाकेचा एक डबा असायचा. त्यात भिंतीला लागून खणांचं कपाट, प्रत्येक खणावर एका पोस्टाचं नाव, आणि समोर उभं राहून ही माणसं धावत्या गाडीत पत्रं वाटायची. गाडी डुलायची, पाय रोवून उभं राहायचं, आणि एकेक पत्र बघता बघता खणात टाकायचं. अण्णा सांगतात, डब्यात बसायला बाक होता, पण त्यावर पत्रांच्या थैल्या बसायच्या. अजून ते घरात उभ्यानेच चहा पितात. पत्ता वाचणं हा त्यांचा जन्माचा धंदा, आणि डाकेविषयी कुणी वाकडा शब्द काढलेला त्यांना खपत नाही. "पत्र हरवत नाही. माणसं पत्ता धड लिहीत नाहीत," हे वाक्य मी त्या आठवड्यात निदान दहा वेळा ऐकलं असेल.

आता माझं काम सांगते. मी शुभांगी. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं चोळीच्या खणांचं दुकान आहे, माझ्या आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं. बाबाजी त्यांचं नाव. मुलगा नव्हता, दोन मुलीच: थोरली सीता, धाकटी अनसूया. अनसूया म्हणजे माझी आई. सीतामावशीने अळणावरच्या लाकडाच्या अड्ड्यावर काम करणाऱ्या गणपत नावाच्या माणसाशी लग्न केलं. ना आमच्या जातीचा, ना आमच्या भाषेचा. आजोबांनी नाव टाकलं. दोन वर्षांनी, सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, दुकानात एक कार्ड आलं. आजोबांनी ते वाचलं, उभं फाडलं, घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि सगळ्यांना म्हणाले, अंघोळी करा.

आपल्याकडे मरणाची चिठ्ठी वाचून झाली की फाडतात, घरात ठेवत नाहीत, आणि अंघोळ करतात. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय होतं? आजीने रडत अंघोळ केली. आई तेव्हा चोवीस वर्षांची, मला कडेवर घेऊन माहेरी आली होती, तिनेही केली. नवरा मागे ठेवून बाई गेली म्हणून पुढे दरवर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला आई सीतामावशीच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालत आली. अडतीस वर्षं.

या चैत्रात आजोबा गेले, ब्याण्णवाव्या वर्षी. दुकानातली त्यांची जुनी पत्र्याची पेटी मी रिकामी करत होते, तर तळाशी अर्धं कार्ड. उभं फाटलेलं. पत्त्याच्या बाजूला दुकानाचा पत्ता पुरता होता, कारण उजवा भाग राहिला होता. उलट बाजूला मजकुराच्या प्रत्येक ओळीचं नुसतं तोंड. त्यातही वरच्या ओळींची शाई ओल लागून वाहिलेली. मी आईला वाचून दाखवलं. साखरेने तिचा एक डोळा गेलाय, दुसऱ्याने अक्षर दिसत नाही. वाचता येण्यासारखं एवढंच होतं: 'कळविण्यास', खाली 'गेल्या मंगळवारी', त्याखाली 'मुलगी', मग 'आपण कोणी', आणि शेवटी 'मु.' लिहून पुढे डाग, त्याखाली 'पो. अळ'.

आई म्हणाली, "म्हणजे तिच्या मागं एक मुलगी राहिली गं. आणि आम्ही कोणी गेलो नाही."

तेव्हापासून तिचा एकच ध्यास. ती मुलगी शोध. यंदाच्या नवमीला सवाष्ण म्हणून दुसरं कुणी नको, सीतेची मुलगी जेवायला हवी. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याचंही फारसं खरं नाही म्हणून सांगितलंय, तर तो जायच्या आत तिला त्या मुलीचं तोंड बघायचं होतं. एवढं सोपं मागणं, आणि त्यापायी माझ्या नाकी नऊ आले.

आधी पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून विचारलं, रजिस्टर होतं का? नव्हतं. मग नोंद नाही. साध्या कार्डाची नोंद कधीच ठेवत नाहीत. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी वेगळी कचेरी असते, तिथे लिहा. मी म्हटलं, अहो, हे पत्र पोचलंय, पोचल्याला अडतीस वर्षं झाली. तो म्हणाला, मग तक्रार काय आहे? मी हात टेकले.

मग शिक्क्यामागे लागले. कार्डावर दोन शिक्के होते. एक ठळक, त्यावर हुबळी वाचता येत होतं. दुसरा छापील तिकिटावर मारलेला, अगदी पुसट. ठळक शिक्क्यावर हुबळी आहे म्हणजे कार्ड हुबळीतूनच टाकलं, गणपत तेव्हा हुबळीत असणार, असं मी मनाशी ठरवून आठ दिवस जुन्या वखारी पालथ्या घातल्या. काही हाती लागलं नाही. मग अळणावरला बसने दोन खेपा केल्या. 'अड्ड्यावरच्या गणपतची बायको सीता, अडतीस वर्षांपूर्वी वारली, मागे एक मुलगी' असं विचारत उन्हात फिरले. लाकडाचे अड्डे कधीच बंद झालेले, माणसं पांगलेली. एका म्हातारीने डोकं हलवून सांगितलं, असं कोणी इथं मेलं नाही बाई. श्रावण संपला, गणपती बसले आणि उठले. नवमीला अकरा दिवस उरले तेव्हा दुकानात आलेल्या एका गिऱ्हाईकाने बाळकृष्णअण्णांचं नाव सांगितलं.

अण्णांनी कार्ड हातात घेण्याआधी हात धुतले. मग माझी शोधाशोध ऐकून घेतली आणि म्हणाले, ठळक शिक्का पोचल्याचा असतो, एवढंही कळू नये? तिकिटावर मारतात तो टाकल्याचा. म्हणजे माझे आठ दिवस पाण्यात. खोलीत अंधार करून त्यांनी बॅटरी कार्डाला अगदी चिकटवून, आडवी धरली. शाई उडाली तरी शिक्क्याचा ठसा कागदात राहतो, आडव्या उजेडात त्याची सावली पडते. मी वाकून बघितलं तर खरंच गोलाच्या आत उठाव दिसत होता. नाव मात्र कुठल्याच गावाचं नव्हतं.

"आमचा शिक्का आहे हा," अण्णा म्हणाले. "डब्यातला. सेटचा, म्हणजे गाडीवरच्या तुकडीचा, आकडा गेलाय, पण 'इन' राहिलंय बघ. जाताना 'आउट' मारायचो, हुबळीकडं परत येताना 'इन'. म्हणजे लोंढ्याकडून अळणावरमार्गे येणाऱ्या गाडीत पडलंय हे."

मी विचारलं, गाडीत कार्ड कसं पडेल? तर डाकेच्या डब्याला बाहेरून पेटी असायची. गाडी थांबली की फलाटावरून कुणीही येऊन पत्र टाकावं. पण अळणावरला पोस्ट असताना फलाटापर्यंत कोण कशाला जाईल? अण्णांचं म्हणणं, उघड्या कार्डावरचा मजकूर गावातल्या पोस्टात चारजण वाचतात, ते जिला नको असेल ती गाडीत टाकते. किंवा मग तिला पोस्टापेक्षा स्टेशन जवळ असेल. आणि वर मलाच रागे भरले, की 'मु.' म्हणजे राहायचं ठिकाण आणि 'पो.' म्हणजे पोस्ट, तू पोस्टाच्या गावात शोधत बसलीस, त्या पोस्टाखाली किती वाड्यावस्त्या येतात माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं. माझा आवाज चढला. मी म्हटलं, अण्णा, मला धडा नको, पत्ता द्या. ते कार्डावर वाकले. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यावर एक तपकिरी डाग होता, तिकडे बघत राहिले. तो पेटीचा गंज असं मी धरून चालले होते, धुळीबरोबर तोही पुसायला गेले होते. अण्णा म्हणाले, गंज कागद खातो, इथे कागद शाबूत आहे. मग त्यांनी पानाचा डबा उघडला, काडीच्या टोकावर मोहरीएवढा चुना घेतला, पाण्यात कालवला आणि डागाच्या कडेला, जिथे जरा पिवळसर होतं तिथे, टेकवला.

ती कड लाल झाली.

हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू असंच करतात, हे मला खणाचं दुकान चालवणारीला कुणी सांगायला नको. तरी मला कळायला वेळ लागला. अण्णांनी कार्डाचा वरचा भाग बॅटरीखाली धरला. मधोमध, जिथून फाटलं होतं तिथे, दोन उभ्या रेघा आणि अर्धं 'श्री' होतं.

"मरणाच्या चिठ्ठीला कोण 'श्री' घालतं?" अण्णा म्हणाले. "आणि हळदकुंकवाचं बोट कोण लावतं? कळविण्यास आनंद वाटतो, गेल्या मंगळवारी मुलगी झाली. आपण कोणी तरी बारशाला या. असं आहे हे, पोरी. तुझी मावशी मेली नव्हती."

मी तिथेच बसले, बाकावर, त्यांच्या कुठल्या तरी पुस्तकांवर. पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली ती आजी. तिने रडत केलेली अंघोळ. त्यानंतर दहा वर्षं जगली ती, आणि आजोबा रोज तिच्यासमोर बसून जेवत होते. त्यांनी तोंडाने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. बारशाचं कार्ड मरणाच्या चिठ्ठीसारखं फाडलं आणि पाणी ओतून घेतलं, बाकीचं आम्ही आपणहून समजलो. अर्धं कार्ड जपून का ठेवलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला त्यात त्यांची माया शोधायची इच्छा झाली नाही, अजून होत नाही. मला संताप आला होता, आणि ज्याच्यावर आला होता त्याला मीच चैत्रात पाणी दिलं होतं.

अळणावरात कुणाला काही ठाऊक का नव्हतं तेही आता उघड झालं. मी मेलेल्या बाईचा पत्ता विचारत हिंडले होते.

मला लगेच दुसऱ्या दिवशी तिसरी खेप करायची होती. अण्णांनी साफ नको म्हटलं. म्हणाले, पत्ता शोधायचा तर पत्र टाकायचं. नवमीला दहा दिवस राहिले असताना हा माणूस मला कार्ड टाकायला सांगत होता! बरं, कार्ड तरी मिळावं? तीन पोस्टांत कार्डं संपलेली, चौथ्यात मिळालं, दहा घ्या, सुटं नाही. घरी येऊन अण्णांनी ते माझ्याकडून लिहून न घेता स्वतः लिहिलं, कानडीत आणि मराठीत, मोठ्या सुट्या अक्षरांत. पत्त्याच्या जागी: सीता, वय पासष्ट, नवरा गणपत, पूर्वी लाकूड अड्डा, माहेर हुबळी, थोरली मुलगी सत्त्याऐंशीची, वस्ती स्टेशनच्या बाजूची, पोस्ट अळणावर. मजकुरात फक्त पोस्टमनला दोन ओळी आणि माझा फोन नंबर. मी विचारलं, असल्या पत्त्यावर कोण पोचवणार? अण्णा म्हणाले, ज्याची ती बीट आहे, रोज पत्रं वाटायची हद्द, तो. तू घरोघर विचारशील तर परकी म्हणून दहाजण गप्प बसतील, त्याला घरं विचारावी लागत नाहीत.

चार दिवस काहीच नाही. मी रोज अण्णांकडे जाऊन भांडायचे आणि ते रोज उभ्याने चहा पीत ऐकायचे. आईला मी काही सांगितलं नव्हतं, आशा लावून मोडली तर काय करायचं? पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. मंजुनाथ, अळणावरचा डाकसेवक. कार्ड हातात घेऊन उभा होता म्हणे. "अक्का, बाई हाईत की. पलीकडच्या वस्तीत, रुळाच्या अंगाला. गणपतप्पा वारून चार वर्षं झाली. कार्ड देऊ त्यांना, का तुम्ही येता?"

मी म्हटलं, देऊ नका, आम्ही येतो. मुलीचं विचारलं, तर नाव कविता, तारिहाळच्या एका कारखान्यात कामाला, हुबळीतच बिऱ्हाड. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. तारिहाळची बस आमच्या चौकातूनच जाते.

रात्री आईला सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "अडतीस वर्षं मी तिचं जेवण घालत होते, आणि ती तिथं जेवत होती." मग म्हणाली, नेहमीच्या सवाष्णीला यंदा नको म्हणून उद्या निरोप पाठव.

आम्ही तिघं निघालो. अण्णांना कुणी बोलावलं नव्हतं, ते स्टेशनवर आधीच येऊन उभे होते. मंजुनाथ अळणावरला सायकल घेऊन वाट बघत होता. वस्तीत शेवटचं घर, पुढे जरा अंगण, अंगणात शेंगा वाळत घातलेल्या. दारात उंच, काटक बाई उभी होती. आई मला धरून चालत होती, तिला एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. तिने नुसतं "सीता" म्हटलं. त्या बाईने तिच्याकडे बघितलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि आईच्या तोंडावरून हात फिरवला, दोन्ही हातांनी, जणू आंधळी तीच होती. मला रडू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मी कुणावर चिडलेली नव्हते.

चहा झाला, गूळ-शेंगा झाल्या. मावशी आमच्याशी मराठी बोलताना अडखळत होती, मधेच कानडीत जात होती. म्हणाली, मी बारशाचं कार्ड टाकलं होतं. पोस्टात लोक वाचतील म्हणून, घरात मी बाळंतीण एकटी असून, नवऱ्याला स्टेशनवर पाठवलं, गाडीच्या पेटीत टाकायला. दोन दिवस पाळणा रिता ठेवला. मग म्हटलं, हरवलं असणार.

"अप्पा रागीट, पण नातीचं कार्ड मिळतं तर आलेच असते की. मिळालंच नाही त्यास्नी. पोस्टाचा काय भरवसा?"

अण्णांनी कपाळाला आठी घातली. आणि मी, माझ्या आततायी स्वभावाला काय म्हणावं, पर्समधून ते अर्धं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. हेच ना ते कार्ड, असं काहीसं म्हणालेही. तिने स्वतःचं अक्षर ओळखलं, हसली. मग उलटून पत्त्याची बाजू बघितली. ठळक शिक्का हुबळीचा. तिला मराठी आणि कानडी दोन्ही वाचता येत होतं.

"म्हणजे मिळालं होतं," ती म्हणाली.

आईने माझा हात घट्ट धरला. मावशीने फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.

"मग हे फाटलं कुठं?"

मला सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं, की तुझ्या अप्पांनी फाडलं, पाणी घेतलं आणि आजीला तुझं सुतक धरायला लावलं. अडतीस वर्षं त्या माणसाने सगळ्यांना फसवलं, आता तरी त्याचं नाव घेऊ द्या. पण माझ्याआधी अण्णा बोलले.

"आमच्या डब्यात, अक्का. थैलीचं तोंड आवळताना सुतळीत सापडलं. त्या गाडीला मीच होतो. अर्धंच पोचलं. अर्ध्यावरनं त्यांना काय कळणार? ना तुमचं गाव, ना बारसं. चूक डाकेची."

मावशीने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. काय समजली, किती समजली, मला सांगता येणार नाही. मग "हां" म्हणाली, कार्ड कनवटीला लावलं आणि तारिहाळला कविताला फोन लावला. कानडीतून सांगत होती, अगं पोस्टातच फाटलं होतं, अप्पांची काही चूक नव्हती. सांगताना तिचा आवाज मोकळा झाला होता. मला मात्र आजोबा सुटले याचा राग येत होता, आणि तो राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

आई तिथेच राहिली, नवमी होईपर्यंत. परतीच्या बसमध्ये मी आणि अण्णा. धारवाडपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही खोटं का बोललात? आणि तेही डाकेवर घालून?

बस धारवाडच्या जुबिली सर्कलला थांबली, माणसं उतरली, चढली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौतीस वर्षांत माझ्या हातून एक कार्ड फाटलेलं नाही. एक सुद्धा नाही. हे तुला तरी माहीत असू दे."